शालिभद्र शेठचं बिल

प्रबोधभाई धोळकियांना चूक दिसली की खाज सुटायची. दुसऱ्याची असो की स्वतःची, ती सुधारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. पांजरपोळाच्या भिंतीवर रंगवलेल्या देणगीदारांच्या पाटीवरची बेरीज चुकलेली पाहून त्यांनी विश्वस्तांना गाठलं होतं आणि रंगारी परत बोलवायला लावला होता. पाटीखाली ज्याचं नाव होतं त्या माणसानं त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. प्रबोधभाईंना त्याचं दुःख नव्हतं. बेरीज आता बरोबर होती ना, झालं तर.

गुजरातमधल्या शंकर टेकरी या कारखान्यांच्या वस्तीत, तिसऱ्या गल्लीत, अनोपचंद व्होरांचा पितळी पार्ट्‌सचा कारखाना आहे. खाली लेथ चालतात, वर ऑफिस. प्रबोधभाई तिथले महेताजी, म्हणजे हिशेबनीस. खालच्या खरखराटात आयुष्य गेल्यामुळे ते घरीही मोठ्यानं बोलत, आणि त्यांची बायको शेजाऱ्यांना सांगत असे की हे भांडण नाही, हे चहा मागतायत. सगळ्या गल्लीत त्यांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. जीएसटी आल्यापासून व्होरांचं एकही रिटर्न ना उशिरा गेलं होतं, ना चुकीचं. हे ते स्वतः कधी सांगत नसत. फक्त दुसऱ्याच्या नोटिशीचा विषय निघाला की खिशातून सुपारी काढून बारीक हसत. त्या हसण्यानं लोक जास्त चिडायचे.

अशा माणसाच्या हातून चूक व्हायची तर ती साधी होणार नव्हतीच.

व्होरांकडे लाभपाचमीला मुहूर्ताचं बिल करायची रीत होती. दिवाळीची सुट्टी संपवून त्या दिवशी दुकानं-कारखाने उघडतात, आणि दिवसातलं पहिलं बिल व्होरांकडे शालिभद्र शेठच्या नावानं फाटतं. चोपडापूजनात, म्हणजे दिवाळीच्या वहीपूजनात, सगळेच जैन व्यापारी ‘धन्ना-शालिभद्राची ऋद्धी होजो’ लिहितात; जैन कथांतल्या त्या गडगंज श्रीमंतांसारखी समृद्धी लाभो, असं मागणं. अनोपचंदशेठच्या वडिलांना वाटलं, नुसतं मागून काय होतंय, बिलच करू. तेव्हापासून ते चालू होतं. नाव शालिभद्र शेठ, गाव राजगृही, माल ‘ऋद्धी-सिद्धी’, नग एक, रक्कम सगळी एकच्या आकड्यांची. कुंकवाचं स्वस्तिक काढून ते बिल देव्हाऱ्यात जायचं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिथं राहायचं. ते रद्द करायचं नाही, खोडायचं नाही, हा नियम. लक्ष्मी दारात आली आणि तिला परत पाठवली, असं होऊ नये म्हणून.

कॉम्प्युटर आल्यावर प्रबोधभाईंनी त्यावर तोडगा काढला होता. ते बिल ‘प्रोफॉर्मा’ म्हणून छापायचे. हिशेबात जात नाही, रिटर्नमध्ये जात नाही, कागद मात्र झोकदार निघतो. शेठना कळत नव्हतं आणि प्रबोधभाई सांगत नव्हते.

त्या वर्षी मात्र शेठच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं होतं.

“हे वर काय लिहिलंय?” शेठनी छापलेल्या कागदावर बोट ठेवलं.

“प्रोफॉर्मा.”

“म्हणजे?”

“म्हणजे... अंदाज सांगणारं. कच्चं बिल.”

“शालिभद्राला कच्चं बिल?” शेठचा आवाज एरवी लेथच्या वर जात नसे, आज गेला. “अरे, ज्याच्याकडून ऋद्धी मागायची त्याला अंदाज सांगतोस? पक्कं कर. माझ्यासमोर कर.”

प्रबोधभाईंनी नेहमीच्या बिलांच्या मालिकेत पुढचा नंबर घेतला आणि पक्कं बिल केलं. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. कॉम्प्युटरनं खाली आपणहून अठरा टक्के लावले.

“हे दोन लाख कसले?”

“सरकारचे, शेठ. दोन लाखांना दोन पैसे कमी आहेत.”

“असू दे. शालिभद्र देईल,” शेठ म्हणाले आणि आरतीला उभे राहिले.

शेठ घरी गेले की हे काढून टाकू, असं प्रबोधभाईंनी मनाशी ठरवलं होतं. पण मग घुघरे आणि मठियांचं ताट आलं, मग साल मुबारक करायला गल्लीतले व्यापारी आले, मग राजकोटचं गिऱ्हाईक आलं आणि खरी बिलं सुरू झाली. शालिभद्र शेठ त्या गर्दीत आत राहून गेले. डिसेंबरात नोव्हेंबरचं रिटर्न गेलं, त्यात नोंदणी नसलेल्या, गुजरातमधल्या किरकोळ गिऱ्हाइकांच्या एकूण विक्रीत ते अकरा लाखही गेले, आणि त्यांच्यावरचा करही भरला गेला. प्रबोधभाईंनी स्वतःच्या हातानं भरला.

उलगडा झाला तो जानेवारीच्या शेवटी. शेठची सून हेतल वसुलीचं काम बघायची. ती फोनवर इतकी गोड बोलायची की समोरचा घाबरून पैसे पाठवत असे.

“प्रबोधकाका, ही एक नवी बडी असामी दिसतेय,” ती यादी घेऊन आली. “तेरा लाख येणं, लाभपाचमीपासून एक रुपया दिलेला नाही. फोन नंबरही घेतलेला नाही तुम्ही. शालिभद्र शेठ. कोण आहेत हे?”

प्रबोधभाईंच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली.

“त्यांचा फोन लागत नाही, बेन,” ते म्हणाले.

“मग पुढचा माल बंद करा त्यांचा.”

सगळं सांगितल्यावर हेतल आधी पोट धरून हसली, आणि मग तिचं हसू थांबलं. तिच्या डोक्यात केव्हापासून होतं की हिशेब राजकोटच्या एखाद्या मोठ्या फर्मकडे द्यावेत, सगळं तिकडूनच होतं हल्ली. शेठ ऐकत नव्हते. “चूक न होणारा माणूस आहे आपल्याकडे,” एवढंच म्हणायचे. आता ते वाक्य पडलं होतं. प्रबोधभाईंना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“क्रेडिट नोट काढा ना,” ती म्हणाली. “माल परत आला म्हणून दाखवा. मिटलं.”

“माल गेलाच नाही तर परत कुठून येईल?” प्रबोधभाई म्हणाले. “परत आला म्हटलं की गेला होता असं होतं. मग कुठल्या गाडीतून गेला, कुठल्या गाडीतून आला, कुणी विचारलं तर एका चुकीवर दुसरं खोटं. विक्री झालीच नव्हती, तर आकडाच सुधारायचा.”

भरलेलं रिटर्न मागे जाऊन खोडता येत नाही. सरकारनं ते दार बंदच ठेवलंय. चूक सापडली की पुढच्या एखाद्या महिन्याच्या रिटर्नमध्ये सुधारायची. फेब्रुवारीत जानेवारीचं रिटर्न भरताना प्रबोधभाईंनी विक्रीच्या तपशिलात, जुन्या महिन्यांच्या दुरुस्तीसाठी असलेल्या जागी, नोव्हेंबरचा सुधारलेला आकडा घातला. कर भरायच्या रिटर्नमध्ये जानेवारीच्या विक्रीतून ते अकरा लाख वजा केले. विक्री चांगली झाली होती, वजा करूनही भरपूर उरली. दोन्ही रिटर्न एकमेकांशी जुळली. पुस्तकातलं येणंही उलट नोंद करून काढलं. देव्हाऱ्यातलं बिल मात्र तसंच होतं. शेठना कुणी काही बोललं नाही, आणि हेच चुकलं.

नोटीस आली ती आंब्यांच्या दिवसांत. जानेवारीच्या रिटर्नमध्ये नोव्हेंबरच्या विक्रीपैकी एवढी मोठी रक्कम कमी का केली, खुलासा करा, नाहीतर तेवढा कर भरा. हेतलनं ती वाचली आणि टेबलावर उलटी ठेवली.

“काका, मी वाईट नाही,” ती म्हणाली. “पण हे उलटलं, तर दिवाळीपासून हिशेब राजकोटला. पप्पाजींशी मी बोलेन.”

तीस वर्षं ज्या खुर्चीत बसून त्यांनी दुसऱ्यांच्या नोटिशींवर हसायचं काम केलं होतं, तीच खुर्ची त्या रात्री प्रबोधभाईंना स्वप्नात दिसली. तिच्यावर राजकोटचा कुणीतरी गॉगल लावून बसला होता.

जीएसटी ऑफिसात गढवीसाहेब होते. नवीनच बदलून आलेले, गोलसर चेहरा, मिशी दोन्ही टोकांना जरा वर. प्रबोधभाईंनी लेखी उत्तर ऑनलाइन आधीच दिलं होतं. ते साहेबांच्या समोर छापून पडलं होतं.

“‘मुहूर्ताचं बिल चुकून विक्रीत गेलं,’” साहेबांनी वाचलं. “काका, मुहूर्ताला लोक नारळ फोडतात. तुम्ही अकरा लाखांचं बिल फोडलंत.”

“हो साहेब.”

“नोंदणी नसलेलं गिऱ्हाईक, एवढी रक्कम. नंतर गुपचूप कमी केली. माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता?”

प्रबोधभाईंनी मनापासून विचार केला. “म्हणालो असतो, रोखीनं माल विकलाय आणि आता कर परत घेतायत.”

“बघा. मीही तेच म्हणतोय.” गढवीसाहेब खूश झाले. “बिलाची प्रत दाखवा.”

प्रत पुढे झाली. साहेब वाचत गेले आणि मिशीचं एक टोक हळूहळू आणखी वर गेलं.

“ऋद्धी-सिद्धी. नग एक. अकरा लाखांचा एक नग! कसला पार्ट आहे हा, रॉकेटचा?”

“साहेब, नाममात्र...”

“आणि गाव राजगृही.” साहेबांनी कागद खाली ठेवला. “राजगृही कुठं आलं?”

“शास्त्रात आहे, साहेब.”

“शास्त्रात आहे तसं बिहारमध्येही आहे. राजगीर. माझा मेव्हणा जाऊन आलाय.” साहेबांनी पेन उघडलं. “बाहेरच्या राज्याचं गिऱ्हाईक, मग तुम्ही कर निम्मा केंद्राचा, निम्मा गुजरातचा का दाखवला? आंतरराज्य कर लागायला हवा होता. म्हणजे एका बिलात दोन चुका, काका.”

ही चूक प्रबोधभाईंना दिसलीच नव्हती. कॉम्प्युटरनं राज्य आपणहून गुजरात घेतलं होतं आणि ते बघायचं राहून गेलं होतं. नोटीस, नोकरी, राजकोट, सगळं क्षणभर विसरून त्यांना त्या दुसऱ्या चुकीचीच लाज वाटली.

“बरोबर आहे साहेब,” ते पडेल आवाजात म्हणाले. “ती दुसरी चूक आहे. फक्त विक्रीच झाली नसेल, तर गिऱ्हाईक कुठल्या राज्यातलं हा प्रश्न राहत नाही ना?”

गढवीसाहेबांनी बाकीचे कागद एकेक करून पाहिले. स्टॉकमध्ये माल कमी झालेला नाही. बँकेत पैसे आलेले नाहीत, रोकडवहीतही नाहीत. गेटवरच्या वहीत त्या दिवशी बाहेर गेलेल्या गाड्यांत हा माल नाही, आणि त्याच्या वाहतुकीचं ई-वे बिलही नाही. नोव्हेंबरचा कर पूर्ण भरलेला होता, आणि जानेवारीच्या रिटर्नमध्ये तेवढाच कमी केला होता, एक पैसाही जास्त नाही.

“तुमचं म्हणणं मला पटतंय,” साहेब शेवटी म्हणाले. “पण माझ्या फाइलला शालिभद्र कोण ते कळत नाही. मालकांना घेऊन या. माल गेला नाही, पैसे आले नाहीत आणि येणार नाहीत, असं त्यांनी सही करून लिहून द्यावं. मग मी बंद करतो.”

साहेबांना खरं सांगणं सोपं होतं. ते आता शेठना सांगायचं होतं.

शेठ झोपाळ्यावर बसले होते. सगळं ऐकून घेईपर्यंत झोपाळा चालू होता, मग थांबला.

“शालिभद्राचं बिल तू कमी केलंस?”

“बिल नाही शेठ. बिल देव्हाऱ्यात आहे. फक्त रिटर्नमध्ये...”

“मला शिकवू नकोस. कमी केलंस की नाही?”

“केलं.”

“मला न विचारता.”

“हो.”

शेठ उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते प्रबोधभाईंशी न बोलता. चहा आला, तो हेतलच्या हाती परत पाठवला. प्रबोधभाईंनी कपाटाच्या खणातल्या स्वतःच्या वस्तू, म्हणजे सुपारीचा अडकित्ता आणि एक जुना चष्मा, काढून पिशवीत ठेवल्या. हेतलनं ते पाहिलं. तिला बोलायचं होतं, पण नेमकं काय ते तिलाही कळेना, म्हणून ती उगीच फोन करत बसली. त्या दिवशी सगळ्या थकबाकीदारांशी ती फार कठोर बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठ पांढरी टोपी घालून दारात उभे. “चल,” एवढंच म्हणाले.

गढवीसाहेबांनी उठून खुर्ची दिली. “या मुरब्बी, वडीलधारे आहात, बसा. दोनच प्रश्न आहेत. या शालिभद्र शेठना तुमच्याकडून माल गेला होता?”

“माल?” शेठ सरळ बसले. रस्ताभर जे तोंड बंद होतं ते उघडलं. “साहेब, शालिभद्राच्या घरी रोज स्वर्गातून नव्व्याण्णव पेट्या उतरायच्या. तेहतीस कपड्यांच्या, तेहतीस दागिन्यांच्या, तेहतीस खाण्याच्या. त्याच्या बायका आज घातलेलं उद्या घालत नसत. तो माझ्याकडून पितळेचे नट-बोल्ट कशाला घेईल?”

बाजूच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला.

“म्हणजे माल गेला नाही,” साहेब म्हणाले.

“जाईलच कसा? त्याच्याकडून आपल्याकडे येतं. इकडून तिकडे जात नाही.” शेठ थबकले. कपाळाला आठ्या पडल्या. “आता बोलताना कळतंय. वडिलांनी बिल उलटंच सुरू केलं. विक्रीचं नाही, खरेदीचं पाहिजे होतं.”

“नको,” साहेब घाईनं म्हणाले. “खरेदीचं केलंत तर त्यावरच्या कराचं क्रेडिट घ्याल, आणि मला पुन्हा नोटीस काढावी लागेल. हे इथं लिहा. माल गेला नाही, पैसे आले नाहीत आणि येणार नाहीत.”

शेठनी पेन घेतलं. पहिली दोन वाक्यं सावकाश लिहिली. तिसऱ्याला हात थांबला.

“येणार नाहीत, हे मी लिहिणार नाही.”

“मुरब्बी...”

“साहेब, शालिभद्राची ऋद्धी येणार नाही असं मी माझ्या हातानं सही करून लिहू? या वयात? कर लावा हवा तर. दोन लाख भरतो.”

प्रबोधभाईंनी डोळे मिटून घेतले. गढवीसाहेबांनी मिशी चोळली, छताकडे बघितलं, मग कागदावर वाकले.

“‘या बिलापोटी आजपर्यंत पैसे आले नाहीत,’ असं लिहा. पुढचं तुमचं आणि शालिभद्राचं.”

“हे चालेल,” शेठ म्हणाले आणि लिहिलं. सही करण्याआधी डोकं वर काढून विचारलं, “डिसेंबरात कर भरला, फेब्रुवारीत वळता केला. मधल्या दिवसांचं व्याज आम्हाला लागेल?”

“नाही. तुम्ही जास्त भरला होतात, कमी नाही. व्याज कमी भरलेल्यावर असतं.”

“आणि सरकारनं आमचे पैसे वापरले, त्यावर आम्हाला?”

“तेही नाही.”

“म्हणजे सरकारला आपण बिनव्याजी दिले,” शेठ प्रबोधभाईंकडे वळून म्हणाले. दोन दिवसांत त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं धड वाक्य होतं. मग ते परत कागदाकडे वळले आणि कुणी सांगितलेलं नसताना खाली आणखी लिहायला लागले. हळूहळू, एकेक अक्षर घोटून.

लिहून झाल्यावर त्यांनी सही केली आणि कागद साहेबांकडे सरकवला. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. “‘पक्कं बिल करायचा आग्रह माझा होता. आमचे महेताजी प्रबोधभाई तेव्हाच नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही.’”

प्रबोधभाई खुर्चीतच पुढे सरकले. सवय गप्प बसू देईना. लाभपाचमीचा तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. ते नको म्हणाले नव्हते. ते एक अक्षर बोलले नव्हते.

“साहेब,” ते म्हणाले, “यात एक चूक आहे. मी नको म्हणालो नव्हतो.”

शेठनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचत होते. सकाळी उठून प्रतिक्रमण करून झाल्या चुकांची क्षमा मागणारा, भाजीवाल्याचा एक रुपया राहिला तर परत जाऊन देणारा हा माणूस, आणि त्याच्या सहीवर हे धडधडीत खोटं होतं.

गढवीसाहेबांनी दोघांकडे आलटून पालटून बघितलं. मग कागदावर शिक्का मारला, फाइलीत ठेवला आणि फाइल बांधली.

“भरलेलं खोडता येत नाही, काका,” ते म्हणाले. “दुरुस्ती पुढच्या महिन्यात करा.”

शेठना जिना उतरताना हात लागतो, म्हणून प्रबोधभाई पुढे झाले. ऑफिसात परत गेल्यावर त्यांनी पिशवीतला अडकित्ता काढून खणात ठेवला. ती दुरुस्ती त्यांनी पुढच्या महिन्यात केली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.